खोक्यावर न छापलेले आकडे

‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ ऑगस्ट २०२३मध्ये आला. त्याचे पहिले दोन अंक मध्यम दर्जाच्या कॉम्प्युटरवरही बरे चालतात. तिसऱ्या अंकात आपली मंडळी बाल्डर्स गेट शहरात शिरतात आणि तिथल्या गर्दीच्या रस्त्यांवर चित्र अडखळायला लागतं. खेळणारा माणूस साहजिकच ग्राफिक्सच्या सेटिंगकडे वळतो. सावल्या कमी करतो, रेझोल्यूशन उतरवतो. चित्र फिकं होतं, पण अडखळणं जसंच्या तसं राहतं. कारण इथे ग्राफिक्स कार्डाची ताकद कमी पडत नसते. रस्त्यावरचं प्रत्येक पात्र कुठे जातंय, कोण कोणाला पाहतंय, काय चित्रित करायचं आणि काय नाही, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो, आणि तो वेळेत पुरा होत नाही.

अशा वेळी नवा प्रोसेसर घेणं हा सरळ उपाय आहे. पण त्याआधी, एक रुपयाही खर्च न करता, करण्यासारखं एक काम आहे: रॅमची टायमिंग्ज हाताने घट्ट करणं. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, ते पाहता आहे त्याच रॅममधून जास्तीचं काम काढून घेणं शहाणपणाचं आहे. फक्त बहुतेक जण हे काम चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. ते खोक्यावर छापलेला आकडा कमी करायच्या मागे लागतात, आणि खरा फायदा खोक्यावर न छापलेल्या आकड्यांत असतो.

उदाहरण म्हणून आपल्याकडे घरोघरी दिसणारा संच घेऊ. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या. खोक्यावर लिहिलेलं असतं: ३२००, सीएल १६-१८-१८-३६.

आधी काय सुधारायचं आहे ते नक्की करू. खेळात सेकंदाला सरासरी १०० फ्रेम मिळतात असं म्हटलं, तर मिनिटाला ६,००० फ्रेम झाल्या. त्यातल्या सगळ्यात उशिरा आलेल्या एक टक्का, म्हणजे ६० फ्रेमवरून जो वेग निघतो त्याला ‘१% लो’ म्हणतात. सरासरी १०० असताना एक फ्रेम दहा मिलिसेकंदांत यायला हवी. मध्येच एखादी २५ मिलिसेकंदांनी आली, तर सरासरीत तिचा मागमूस लागत नाही, पण हाताला झटका जाणवतो. खेळ गुळगुळीत वाटतो की नाही हे या मागे रेंगाळणाऱ्या फ्रेम ठरवतात, आणि रॅमच्या टायमिंगचा परिणाम सर्वात जास्त त्यांच्यावरच होतो.

याचं कारण प्रोसेसरच्या पोटात आहे. ५६००मध्ये ३२ एमबीची एल३ कॅश असते. लागणारी माहिती तिच्यात सापडली, तर साधारण दहा नॅनोसेकंदांत हाती येते. नाही सापडली तर रॅमपर्यंत जावं लागतं, आणि आपल्या संचात त्या फेरीला ७० नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ जातो. ४.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरची तेवढ्यात तीनशेहून अधिक आवर्तनं होऊन जातात. मोकळ्या मैदानातून चालताना लागणारी बरीचशी माहिती कॅशमध्ये मावते. गर्दीच्या रस्त्यात मावत नाही. म्हणजे ज्या क्षणी काम सर्वात जास्त असतं, नेमक्या त्याच क्षणी रॅमच्या फेऱ्या वाढतात. त्यातही एका पात्राच्या नोंदीवरून दुसरीचा पत्ता, तिच्यावरून तिसरीचा, अशी साखळी असली, की पहिली फेरी संपल्याशिवाय दुसरी सुरूच करता येत नाही. म्हणून फेरीचा वेळ थोडा कमी झाला, तरी जड फ्रेमला त्याचा लाभ जास्त होतो आणि हलक्या फ्रेमला कमी.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येऊ. ३२०० म्हणून विकली जाणारी रॅम प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते. प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते म्हणून आकडा दुप्पट. एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा. रॅममधली माहिती ओळींमध्ये साठवलेली असते. चुकीची ओळ उघडी असेल तर ती मिटायला १८ ठोके, हवी ती उघडायला १८ आणि तिच्यातला हवा तो भाग बाहेर यायला १६. एकूण ५२ ठोके, म्हणजे ३२.५ नॅनोसेकंद. बाकीचा वेळ रॅमच्या बाहेर, प्रोसेसरमधल्या वाटांवर जातो. सीएल १६ चा १४ करण्यासाठी लोक व्होल्टेज वाढवतात, रात्री जागवतात, आणि हाती येतात दोन ठोके: सव्वा नॅनोसेकंद.

त्याच रॅमच्या यादीत `tRFC` नावाची एक ओळ असते आणि तिच्यासमोर बहुधा ५६० लिहिलेलं असतं. हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. डीडीआर रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असतो. माहिती पुसली जाऊ नये म्हणून सगळ्या ओळी ६४ मिलिसेकंदांत एकदा नव्याने भरून घ्याव्या लागतात. हे काम ८,१९२ हप्त्यांत वाटलेलं असतं, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक हप्ता. हप्ता चालू असताना चिप दुसरं काही देत नाही, आणि तो किती ठोके चालणार हे `tRFC` सांगतं. ५६० ठोके म्हणजे ३५० नॅनोसेकंद. एकूण वेळेच्या साडेचार टक्के वेळ चिपचं दार बंद! त्या वेळात आलेल्या मागणीला सरासरी १७५ नॅनोसेकंद ताटकळावं लागतं. सगळ्या मागण्यांवर हे वाटलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला जवळपास आठ नॅनोसेकंद येतात.

आता तोच आकडा ४१६ केला, म्हणजे २६० नॅनोसेकंद, तर सरासरी वाट्याचा बोजा सव्वाचार नॅनोसेकंदांवर येतो. साडेतीन नॅनोसेकंद वाचले, सीएलच्या सव्वाच्या जवळजवळ तिप्पट, तेही व्होल्टेजला हात न लावता. हा हिशेब ढोबळ आहे. मेमरी कंट्रोलर हप्ते थोडे पुढेमागे करू शकतो. पण कुठे जास्त मिळतं आणि कुठे कमी, हे त्यातून बरोबर कळतं.

मग कंपनीने ५६० का ठेवलं? ८ गिगाबिटच्या चिपसाठी जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची मर्यादाच ३५० नॅनोसेकंद आहे. पट्टी विकणाऱ्याला ती कुठल्याही बोर्डात, कुठल्याही हवामानात चालायला हवी असते, म्हणून तो तीच मर्यादा एक्सएमपी प्रोफाइलमध्ये लिहितो. उरलेल्या कित्येक टायमिंग्जचे आकडे बोर्ड स्वतः भरतो आणि तोही सैल हाताने भरतो. तुमच्या पट्टीवरची चिप मात्र ठरावीक कारखान्याची, ठरावीक पिढीची असते आणि तिची खरी कुवत वेगळी असते. सॅमसंगच्या नावाजलेल्या बी-डाय चिपा १६० नॅनोसेकंदांच्या आसपासही काम करतात. हायनिक्सच्या सीजेआर आणि डीजेआर जातीच्या चिपा २६० च्या पुढेमागे थांबतात. मायक्रॉनच्या रेव्ह. ई चिपांना ३०० च्या आसपास लागतातच, आणि व्होल्टेज वाढवूनही त्यांचा हा आकडा हलत नाही. आपल्या पट्टीत कोणती चिप आहे हे थायफून बर्नर या प्रोग्रामने बहुतेक वेळा कळतं. नाही कळलं तरी अडत नाही. पायरीपायरीने उतरत गेलं, की चिप स्वतःच आपली हद्द दाखवते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात मोजण्यापासून करावी. आधी हे पक्कं करा, की अडचण प्रोसेसरचीच आहे. खेळ जिथे अडखळतो तिथे उभे राहा आणि रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेमचा आकडा वाढला नाही आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर अडचण प्रोसेसरकडे आहे. प्रोसेसरचा एकूण वापर ५० टक्के दिसतो म्हणून फसू नका. खेळाचा मुख्य धागा एकाच कोअरवर चालत असतो. तो पूर्ण अडकलेला असताना बाकीचे मोकळे बसलेले असू शकतात.

मग एक जागा आणि एक वाट ठरवा. तोच सेव्ह उघडायचा, त्याच रस्त्याने मिनिटभर चालायचं आणि कॅपफ्रेमएक्समध्ये नोंद करायची. असं किमान तीनदा. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक काही न बदलताही पडतो, म्हणून एका फेरीवरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. हा प्रोग्राम ‘१% लो’ एकाहून अधिक पद्धतींनी दाखवतो. आधी आणि नंतर एकच पद्धत धरावी. झेनटायमिंग्ज उघडून सध्याच्या सगळ्या आकड्यांचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. स्क्रीनशॉट नको, कारण कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर तो बघणार कुठे?

एक्सएमपी चालू आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्या. असेंबल केलेल्या कित्येक कॉम्प्युटरमध्ये ती बंदच राहिलेली असते आणि रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत असते. ती चालू करण्याने जितका फरक पडतो तितका पुढच्या कुठल्याच पायरीने पडत नाही. पट्टी एकच असेल, तर टायमिंगच्या आधी दुसरी लावा.

आता बायॉस. आसुसच्या बोर्डात `DRAM Timing Control`, एमएसआयमध्ये `Advanced DRAM Configuration` अशा नावाचं पान असतं. तिथे आपल्या उदाहरणातले बदल असे:

```
tRRDS    6 -> 4
tRRDL    9 -> 6
tFAW    36 -> 16
tRFC   560 -> 416
tRC     74 -> 56
tWR     24 -> 16
tRTP    12 -> 8
```

डावीकडचे आकडे तुमच्या बोर्डावर थोडे वेगळे असतील, आणि उजवीकडचे हे गाठायचं ठिकाण आहे. एका दमात भरायचे नाहीत. पहिल्या तीन ओळींपासून सुरुवात करा. `tRRDS` आणि `tRRDL` सांगतात, की एक ओळ उघडल्यावर दुसऱ्या कप्प्यातली ओळ किती ठोक्यांनी उघडायची; `tFAW` सांगतं, की चार ओळी उघडायला किमान किती ठोके द्यायचे. खेळाची माहिती रॅमभर विखुरलेली असल्यामुळे ओळी सतत उघडत-मिटत असतात, म्हणून या तीन आकड्यांचा उपयोग खेळांना चांगलाच होतो. `tRRDS` ४ असेल तर `tFAW` १६ च्या खाली नेऊन काही मिळत नाही, कारण चार चोक सोळा ठोके तसेही लागणारच. बहुतेक चिपा ही तिन्ही मूल्यं विनातक्रार घेतात.

त्यानंतर `tRFC`. ५६० वरून ४८०, मग ४४८, मग ४१६, प्रत्येक पायरीवर चाचणी करत. शेवटी उरलेल्या तीन ओळी. सीएलला हात सर्वात शेवटी लावा, तोही हौस असेल तर. त्यासाठी व्होल्टेज १.३५ वरून वाढवावं लागतं. साध्या पट्ट्यांवर १.४५ च्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. `Gear Down Mode` चालू असताना सीएल १५ लिहिलंत, तरी बोर्ड ते १६ धरतो, हेही लक्षात असू द्या.

तुमची पट्टी ३६००ला चालत असेल तर ती आधी तिथे न्यावी, पण प्रोसेसरमधल्या वाटेचं घड्याळ, `FCLK`, १८०० वर जुळवून. ते जुळलं नाही तर फेरीचा वेळ उलट वाढतो. वेग बदलला की ठोके नव्याने मोजावे लागतात. २६० नॅनोसेकंदांसाठी ३२००ला ४१६ ठोके, तर ३६००ला ४६८. चिपला नॅनोसेकंद कळतात, ठोके नाहीत.

बिघडतं काय, तेही सांगायला हवं. आकडा फारच कमी पडला तर स्क्रीन काळीच राहते. घाबरायचं कारण नाही. बहुतेक बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून स्वतःच जुन्या आकड्यांवर येतात. न आल्यास वीज बंद करून, प्लग काढून, बोर्डावरच्या सीमॉस पुसायच्या दोन पिना जोडाव्या किंवा गोल बॅटरी काही मिनिटं काढून ठेवावी. सुरूच न होणारा कॉम्प्युटर हा खरं तर सुरक्षित बिघाड.

धोका दुसऱ्या प्रकारात आहे. कॉम्प्युटर सुरू होतो, विंडोज उघडते, खेळही चालतो, आणि तासाभरात एखादा बिट चुकीचा वाचला जातो. तो चित्रातला असेल तर काही कळतही नाही. तो डिस्कवर लिहायच्या फाइलमधला असेल तर फोटो, सेव्ह किंवा विंडोजची स्वतःची फाइल कायमची बिघडते. डीडीआर४ च्या साध्या पट्ट्यांत अशी चूक पकडणारी सोय नसते. म्हणून प्रत्येक बदलानंतर विंडोजमध्ये शिरण्याआधी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ची एक पूर्ण फेरी करा. ती निर्दोष गेली, की विंडोजमध्ये टेस्टमेम५ हा प्रोग्राम अंता७७७च्या ‘एक्स्ट्रीम’ मांडणीवर पूर्ण चालू द्या. १६ जीबीला त्याला तास-दोन तास सहज लागतात. निकालाचा नियम एकच: एकही चूक आली तर तो आकडा नापास. ‘एवढी एक चूक चालेल’ असं काही नसतं. मधल्या काळात विंडोज विचित्र वागायला लागली असेल तर आकडे मागे घेऊन, ऍडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत ही आज्ञा द्या. बिघडलेल्या सिस्टिम फाइल ती दुरुस्त करते:

```
sfc /scannow
```

तुमच्या स्वतःच्या फाइल मात्र ती परत आणत नाही. कामाला हात घालण्याआधी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर असायलाच हवी.

कधी कधी आकडा घट्ट करूनही वेग वाढत नाही, उलट किंचित घसरतो. दोन टायमिंग्ज एकमेकींशी विसंगत झाल्या, किंवा तुम्ही ‘ऑटो’वर सोडलेला एखादा आकडा बोर्डाने सैल केला, की असं होतं. झेनटायमिंग्जमध्ये आधीच्या फोटोशी ताडून पाहिलं, की कोणता आकडा सरकला ते सापडतं. म्हणूनच एका वेळी एकच गट बदलायचा.

सगळं जुळल्यावर पुन्हा त्याच रस्त्याने चाला. ५६००सारख्या प्रोसेसरवर, नुसती एक्सएमपी चालू असलेल्या अवस्थेच्या तुलनेत, पाच ते दहा टक्के हा धरण्याजोगा अंदाज आहे; ‘१% लो’मध्ये सरासरीपेक्षा थोडा जास्त फरक दिसला तर नवल नाही. समजा, शहरात ‘१% लो’ ६० होता आणि दहा टक्क्यांनी वाढून ६६ झाला, तर जड फ्रेम १६.७ ऐवजी १५.२ मिलिसेकंदांत आली. दीड मिलिसेकंद कागदावर लहान दिसतं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर मात्र एकेका फ्रेमला १६.७ मिलिसेकंदच मिळतात. ती वेळ हुकते की गाठली जाते, हे त्या दीड मिलिसेकंदावर ठरतं.

काही ठिकाणी हे कष्ट घेऊच नयेत. रायझन ७ ५८००एक्स३डी किंवा तशा मोठ्या कॅशच्या प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ असते. रॅमच्या फेऱ्याच कमी असल्यामुळे टायमिंगचा लाभही थोडकाच होतो. ४के रेझोल्यूशनवर खेळणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाची असते. नव्या भागात पहिल्यांदा शिरताना बसणारा आणि दुसऱ्यांदा न बसणारा झटका शेडर तयार होण्याचा असतो. त्यावर रॅमकडे औषध नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये ही पानं बंदच असतात. इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर आणि रायझनच्या एएम५ बोर्डांवर मात्र आणखी एक दार उघडं असतं. तिथे दोन हप्त्यांमधलं अंतर, `tREFI`, वाढवता येतं. आपल्या एएम४ संचात ते बदलता येत नाही, म्हणून इथे `tRFC`वरच भर.

शेवटची गोष्ट हवामानाची. कपॅसिटरमधला भार उष्णतेत जास्त वेगाने गळतो. डिसेंबरात निर्दोष ठरलेले आकडे नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, बंद खोलीत, ग्राफिक्स कार्डाची गरम हवा पट्ट्यांवर येत असताना चुकू शकतात. त्यामुळे चाचणी थंड कॉम्प्युटरवर न घेता तासभर खेळून झाल्यावर घ्या, आणि उन्हाळा सुरू झाला की एकदा पुन्हा घ्या. चूक दिसली तर आधी `tRFC` सोळा ठोक्यांनी वाढवा आणि चाचणी पहिल्यापासून चालवा.